वायद्याच्या गोष्टीतला गाळलेला भाग

आयोजकांनी विषय दिलाय बेसिसचा, त्यावर येतोच, पण आधी एक जुनी तक्रार काढून घेतो. वायदे बाजारावरच्या प्रत्येक पुस्तकात एका शेतकऱ्याची गोष्ट असते. पेरणीला तो घाबरलेला, मधे वायदा विकतो, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा सौदा आजच्या भावाने करतो, कापणीला भाव पडतो आणि साहेब हसत घरी. या गोष्टीतला शेतकरी मला कधी पटलाच नाही, कारण त्याला मधल्या चार महिन्यांत ब्रोकरचा एकही फोन येत नाही!

चला, तीच गोष्ट नीट सांगू. आकडे सोपे घेतो, चलन तुमच्या आवडीचं. गहू पेरलाय, 100 टन येईल असा अंदाज, खर्च टनाला 200. कापणीच्या महिन्याचा वायदा आज 250 ला चाललाय. एक लॉट 10 टनांचा. आपला माणूस 8 लॉट विकतो, 10 नाही. का, तर पीक अजून जमिनीत आहे हो, गारपीट झाली आणि 60 टनच आलं तर बाकीचा वायदा कशावर विकला होता? त्यात पीक सगळीकडेच बुडालं असेल तर भावही चढलेला असणार, म्हणजे माल नाही आणि वायद्यातही तोटा.

सौदा करताना पूर्ण रक्कम लागत नाही, थोडं मार्जिन भरायचं, साधारण त्या रकमेचा लहानसा हिस्सा. इथपर्यंत पुस्तक बरोबर आहे. पण एक्स्चेंज रोज संध्याकाळी हिशोब करतं. भाव 250 चा 251 झाला की विकणाऱ्याच्या खात्यातून टनाला 1 गेला, 80 टनांना 80, आणि हे आजच्या आज, कापणीला बघू वगैरे नाही. आता मधेच कुठेतरी पाऊस लांबला आणि वायदा चढत चढत 300 वर गेला. टनाला 50, म्हणजे 4000 रोख बाहेर. तुम्ही म्हणाल की अहो पण त्याचा गहूही तेवढाच महाग झाला ना, कागदावर फिट्टंफाट. कागदावर हो! गहू शेतात हिरवा उभा आहे आणि ब्रोकरला ओंब्या चालत नाहीत. (हसू नका, मी एकदा खरंच विचारलं होतं.)

पैसे भरता आले नाहीत तर ब्रोकर विचारत बसत नाही, सौदा कापून मोकळा होतो. मग खरा घोळ होतो. 300 ला वायदा परत घेतला गेला, टनाला 50 चा तोटा पक्का झाला, आणि महिन्याभरात पाऊस पडून कापणीला भाव 200 वर आला. गहू 200 ला विकला, त्यातून 50 गेले, हातात 150. खर्च 200 होता. वायद्याला हातच लावला नसता तर निदान खर्च तरी निघाला असता. भाव पडेल ही त्याची भीती बरोबर होती, तरी बुडाला, कारण मधल्या दिवसांची रोकड नव्हती. म्हणून वायदा विकण्याआधी मार्जिनपुरती कर्जाची मर्यादा बँकेत मंजूर करून ठेवा. नाहीतर पुट ऑप्शन घ्या, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, सक्ती नाही, त्याची किंमत म्हणजे प्रीमियम एकदाच जातो पण रोजचा फोन येत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, बेसिस.

आता समजा त्याने पैसे भरले आणि टिकला. कापणीला वायदा 205, पण त्याच्या बाजारात गहू 200. तो गहू बाजारातच विकतो (एक्स्चेंजच्या गोदामात नेऊन देणारे फार थोडे), वायदा 205 ला परत घेतो, 45 कमावतो. हातात 245, 250 नाही. तो 5 चा फरक म्हणजे बेसिस, त्यात वाहतूक, प्रत, साठवण सगळं आलं. भाव 300 वरच राहिला असता आणि बाजारात 295 असता तरी हातात 245 च. म्हणजे 250 कधी पक्के झालेच नव्हते. वायदा 205 च, पण बाजार गच्च भरला आणि तिथे 190 च मिळाले तर हातात 235. याला वायदा काही करू शकत नाही. म्हणून मागच्या काही हंगामांत कापणीला आपल्या बाजाराचा आणि वायद्याचा फरक किती होता ते लिहून ठेवा, 250 मधून तेवढे वजा करा आणि मगच खर्चाशी ताडून बघा.

आणि गहू विकला त्याच दिवशी वायदा परत घ्या. अजून पडेल म्हणून दोन दिवस थांबलात तर घरात गहू नाही आणि विकलेला वायदा मात्र उभा, मग तो निव्वळ सट्टा झाला. हां, ते मागचे काका मघापासून काहीतरी विचारतायत, बोला.