दोन तासांचा हॉल्ट आणि पुढचं विमान

(एका ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'प्रवासतज्ज्ञ' म्हटलं. तसं काही नाही. मी आयुष्यभर लोकांची तिकिटं काढून दिली आणि ती चुकल्यावर त्यांची बोलणीही खाल्ली. आजचा विषय पत्रिकेवर छापलाय: दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवावा. त्याचं उत्तर देणार आहेच, पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या.

तक्रार तुमच्या मुलांबद्दल आहे. हसू नका, तुम्हालाही पटेल. पूर्वी आईवडील अमेरिकेला निघाले की तिकीट माझ्यासारख्याकडे यायचं. आता मुलगा तिकडे बसून मोबाइलवर काढतो. स्क्रीनवर सगळ्यात कमी वेळाचं विमान वर येईल असं बटण असतं, ते तो दाबतो आणि जे पहिलं दिसेल ते घेतो. मग फोन येतो, "बाबा, चोवीस तासांत पोचताय, बाकीची सगळी सत्तावीस-अठ्ठावीस तासांची होती." बाबा खूश. आई डबे भरायला लागते.

असंच एक जोडपं माझ्याकडे आलं. तिकीट मुलानेच काढलेलं, माझ्याकडे आले ते विम्यासाठी. मी सहज कागद बघितला. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरल्यापासून पुढच्या विमानापर्यंत दीड तास. दोघांनाही व्हीलचेअर मागितलेली. मी म्हटलं, काका, हे जमणार नाही. काकांनी तिथूनच मुलाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मुलगा हुशार, इंजिनिअर. म्हणाला, "काका, कंपनीने विकलंय म्हणजे वेळ पुरेसाच असणार ना? नाहीतर सिस्टिमने तिकीट दिलंच नसतं." यावर काय बोलणार! वाक्याचा दुसरा अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे आणि पहिला साफ चूक.

सिस्टिममध्ये प्रत्येक विमानतळासाठी एक आकडा भरलेला असतो, त्याला मिनिमम कनेक्टिंग टाइम म्हणतात. देशी विमानातून देशी, देशीतून परदेशी, परदेशीतून देशी आणि परदेशीतून परदेशी असे त्याचे चार मुख्य प्रकार. त्यात पुन्हा टर्मिनल कुठलं, कंपन्या कुठल्या, यावरून अपवाद. व्हिएन्नाचा आकडा २५ मिनिटं आहे आणि ते त्याची जाहिरातही करतात. फ्रँकफर्टचा ४५. या आकड्याच्या खालचं जोडविमान एकाच तिकिटावर विकता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर धडधाकट माणूस पोचू शकतो, इतकंच तो सांगतो. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे त्या आकड्याला माहीत नसतं.

काकाकाकूंचं काय झालं विचाराल, तर विमान चुकलं. पुढच्याला जागा नव्हती, म्हणून रात्र तिथेच काढली. चोवीस तासांचा प्रवास जवळजवळ दोन दिवसांचा झाला. परत आल्यावर काकू मला म्हणाल्या, "अहो, विमान तर अगदी वेळेवर उतरलं होतं हो!" तेच तर मी सांगतोय.

दोन तास म्हणजे नेमके किती, ते आता नीट बघू. शिकागो घेऊ, कारण ओहेअर विमानतळाची रचना समजली की अमेरिकेतली बाकीची समजतात. जायचंय आयोवातल्या सीडर रॅपिड्सला. वेळा मी उदाहरणासाठी धरतोय. मुंबईहून पहाटे ४ ला निघालात, आखातात पावणेतीन-तीन तास थांबलात, शिकागोला दुपारी २:३० ला पोचलात. पुढचं विमान ४:३० ला, सीडर रॅपिड्सला ५:४० ला. घड्याळातल्या फरकाचा हिशेब केला तर घेतलेला एकूण वेळ चोवीस तास दहा मिनिटं. त्यातले साडेएकोणीसच्या आसपास विमानांत आणि जवळजवळ पाच तास दोन थांब्यांचे. मुलाला खुपतात ते हे पाच तास.

आता शिकागोचे दोन तास उलगडू. २:३० म्हणजे विमान गेटला लागलं. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात, खुर्च्या आणि माणसं यायची असतात. हल्ली भारतातून जाणाऱ्या विमानांत खुर्च्यांची रांग दाराबाहेर लांबवर लागलेली असते. त्यातले काही जण उतरल्यावर मुलाला बघून कसे तुरुतुरु चालतात, ते मी बोलत नाही. (हशा.) तर तुम्ही बाहेर पडलात ३ वाजता. इमिग्रेशनला व्हीलचेअरला कधी वेगळी रांग मिळते, कधी नाही. त्याच सुमाराला आणखी दोन मोठी विमानं उतरली असली तर पाऊण तास सहज जातो. झाले पावणेचार.

इथे बरेच जण फसतात. बॅग मुंबईत थेट शेवटच्या गावापर्यंत टॅग केलेली असते, म्हणून त्यांना वाटतं आता तिच्याकडे बघायचं नाही. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे बॅग पट्ट्यावरून स्वतः उचलायची, कस्टममधून न्यायची आणि पलीकडे पुन्हा द्यायची. बॅगेत चकली, लोणचं, मेतकूट असणार, आणि खाण्याचे पदार्थ आहेत हे सांगावंच लागतं. सांगितलं की कधी कधी बॅग तपासायला बाजूला घेतात. म्हणून सांगू नका असं मी म्हणत नाहीये, उगाच दंड भराल. वेळ धरा, एवढंच. झाले ४:०५.

आणि एक, लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत असेल तर बॅग परत देण्याआधी ती बॅगेत टाका. पुढे सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि तिथे लोणचं द्रवपदार्थात मोडतं. दुकानातून घेतलेल्या अत्तराचंही तेच.

शिकागोला परदेशी विमानं पाच नंबरच्या टर्मिनलला उतरवतात. देशातली बहुतेक विमानं एक, दोन, तीनमधून सुटतात. मधे छोटी आगगाडी आहे. तिची वाट बघणं, चढणं, उतरणं धरून ४:२० होतात. अजून सुरक्षा तपासणी बाकी आहे, गेटपर्यंतचं चालणं बाकी आहे. आणि विमान ४:३० चं असलं तरी दार ४:१५ लाच बंद झालंय, कारण तिकडे ते साधारण पंधरा मिनिटं आधी बंद करतात. म्हणजे गाडीतून उतरण्याआधीच तुमचं विमान गेलेलं होतं.

यात कुणाची चूक दाखवाल? कुठलंच विमान उशिरा नव्हतं. बरं, 'वेळेवर' या शब्दात काय येतं तेही ऐका: पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान या धंद्यात वेळेवरच धरतात. तेव्हा हिशेब करताना पहिली पंधरा मिनिटं उशिराची म्हणून आधीच वजा करायची, शेवटची पंधरा मिनिटं बंद दाराची म्हणून वजा करायची. दोन तासांतला दीडच तास तुमच्या हातात असतो.

सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. चहा तयार आहे असंही लिहिलंय, म्हणजे पाचच धरा. मग जे सांगायला आलो ते भरभर सांगतो.

किती वेळ पुरेल हे विचारण्याआधी, चुकलं तर पुढचं विमान कधी आहे, हे विचारा. तिकिटावर ते छापलेलं नसतं, पण विमानतळाच्या वेळापत्रकात दोन मिनिटांत सापडतं. आखातातून मुंबईला येताना दिवसभर विमानं असतात, तिथे एका तिकिटावर दीड-दोन तास मी बिनधास्त घेतो. चुकलंच तर चार-पाच तासांनी घरी. छोट्या गावाला जाणारं दिवसातलं शेवटचं विमान असेल तर तीन तासांचा हॉल्टही मला धोक्याचा वाटतो, कारण चुकलं की थेट उद्या सकाळ. आपल्या उदाहरणात रात्री ७:४५ चं त्या दिवसातलं शेवटचं आहे असं धरा. मी ७:४५ पेक्षा ४:३० च्या जवळचं, पण ४:३० नंतरचं काही मिळतंय का बघेन. नसेल तर मुलाला सांगेन, शिकागोपर्यंतच तिकीट काढ आणि गाडी घेऊन ये. चार-एक तासांचा रस्ता आहे. आकडाच हवा असेल तर अमेरिकेत पहिल्यांदा उतरताना तीन तास, व्हीलचेअर असेल तर चार.

दुसरं, तिकीट एक की दोन. एका तिकिटावर चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम. दोन वेगवेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, पैसे गेले, आणि बहुतेक वेळा परतीचं तिकीटही रद्द होतं. नागपूरहून मुंबईला एका तिकिटावर आणि पुढे लंडनला दुसऱ्या, असं करणारे खूप आहेत. तिथे बॅग घ्यायची, एक नंबरच्या टर्मिनलला उतरलात तर रस्त्याने दोन नंबरला जायचं, आणि विमान सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद होतो. पाच-सहा तास ठेवा, पावसाळ्यात आदल्या दिवशी या. आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. म्हणून तिकिटावर गावाच्या नावाशेजारचा कोड बघा: जुना BOM, नवीन NMI. मधे वाशीचा पूल आणि त्यावरची वाहतूक. गोव्यातही तसंच, दाबोळी GOI आणि मोपा GOX.

मागून प्रश्न आलाय, अबुधाबीहून गेलं तर? चांगला प्रश्न आहे. अबुधाबीत अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच उरकण्याची सोय आहे, डब्लिनलाही आहे. अमेरिकेत उतरल्यावर तुम्ही देशातल्या प्रवाशासारखे बाहेर पडता, पुढच्या विमानासाठी दीड-दोन तास चालतात. पण ती रांग आता अबुधाबीत लागणार, त्यामुळे तिथला हॉल्ट तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका. मुलाने 'आई, इथे उगाच एवढा वेळ बसायचं' म्हटलं तर फोन मला द्या.