पंधरा तासांचा कोर्स आणि एका ओळीचं शीर्षक

(नोकरदारांसाठी ऑनलाइन स्पोकन इंग्लिशचे वर्ग चालवणाऱ्या प्रशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गूगलवर शोधल्यावर यादीत दिसणारं कोर्सच्या पानाचं शीर्षक आणि त्याखालचं दोन ओळींचं वर्णन हे लेखनाचं काम आहे असं आपण धरून चालतो आणि तिथेच गाडी घसरते. आधी ते हिशोबाचं काम आहे. म्हणून आज एकच कोर्स घेऊ आणि त्याचा हिशोब मांडू.

समजा, चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांतले क्वालिटी इंजिनिअर आणि लाइन सुपरवायझर हे आपले विद्यार्थी. त्यांना इंग्रजी वाचता येतं, ईमेलही लिहिता येतो. अडतं ते ग्राहकाच्या कॉलवर. माल का लांबला आणि नवी तारीख कोणती, हे तोंडी सांगताना. कोर्स दहा आठवड्यांचा, मंगळवार आणि गुरुवार, रोज पाऊण तास, बॅच बारा जणांची.

एकूण वीस तासिका, प्रत्येकी ४५ मिनिटं. म्हणजे झाले १५ तास. आता दुसरा आकडा बघा. युरोपात भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत मोजतात. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या ढोबळ अंदाजानुसार ए-२ वरून बी-१ ला जायला शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली साधारण दीडशे ते दोनशे तास लागतात. आपल्याकडे आहेत पंधरा. तेव्हा 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' ही ओळ नुसती भडक नाही, गणितात चुकलेली आहे. रोज एक तास धरला तरी तीस दिवसांत तीसच तास होतात.

पंधरा तासांत पातळी बदलत नाही. पण तीन-चार ठरावीक प्रसंग हाताळता येऊ शकतात: समोरचा भरभर बोलला तर त्याला थांबवून पुन्हा विचारणं, उशिराचं कारण आणि नवी तारीख सांगणं, मीटिंगमध्ये आपली बाजू दोन मिनिटांत मांडणं. शीर्षकात हेच प्रसंग यायला हवेत. 'आत्मविश्वासाने बोला' यातून काहीच कळत नाही, कारण आत्मविश्वास कोर्स संपल्यावर आला की नाही हे कोणी तपासू शकत नाही. 'क्लायंट कॉल' म्हटलं की वाचणाऱ्याला सोमवारचा साडेदहाचा कॉल आठवतो.

आता बोलण्याच्या वेळेचा हिशोब. वर्णनात हमखास सापडणारं वाक्य म्हणजे 'भरपूर सराव'. पाऊण तासातली १५ मिनिटं शिकवण्यात गेली, तर सरावाला उरतात ३०. बारा जणांना एकेक करून बोलायला लावलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटं. वीस तासिकांचे मिळून ५० मिनिटं. अख्ख्या कोर्सचे पैसे भरून माणूस तासभरही बोलला नाही! तेच सहा जोड्या करून वेगवेगळ्या रूममध्ये पाठवलं, तर प्रत्येकाला प्रत्येक तासिकेत १५ मिनिटं मिळतात, म्हणजे कोर्सभरात ५ तास. यात एक मेख आहे. प्रशिक्षक एका वेळी एकाच रूममध्ये असतो, त्यामुळे अर्ध्या तासात प्रत्येक जोडीला त्याची पाचच मिनिटं मिळतात. बाकी वेळ चुका तशाच पुढे जातात. हेही पानावरच्या सविस्तर वर्णनात सांगावं: 'प्रत्येक वर्गात १५ मिनिटं तुम्ही बोलता, त्यातला काही वेळ प्रशिक्षक तुमच्या जोडीत बसतात.' हा आकडा छापायला संकोच वाटत असेल तर वर्णन बदलू नका, वर्गाची रचना बदला.

तर पानाच्या कोडमध्ये हे असं उतरतं:

```html
<title>नोकरदारांसाठी Spoken English: मीटिंग, क्लायंट कॉल</title>
<meta name="description" content="ईमेल लिहिता येतो, पण कॉलवर अडखळता? १० आठवडे, मंगळ-गुरु रात्री ८:३० ते ९:१५. १२ जणांची बॅच, प्रत्येक वर्गात १५ मिनिटं तुम्ही बोलता.">
```

शीर्षकात दोन शब्द रोमन लिपीत मुद्दाम ठेवले आहेत. मराठीत बोलणारे अनेकजण शोधताना मात्र रोमनमध्ये टाइप करतात, आणि यादीत आपण टाइप केलेला शब्द तसाच दिसला की नजर तिथे थांबते. लांबीचं म्हणाल तर गूगल अक्षरं मोजत नाही, पडद्यावरची रुंदी बघतं आणि जागा संपली की शेवट कापतं. इंग्रजीसाठी साठेक अक्षरांचा अंदाज सांगतात. देवनागरीत काना-मात्रा-जोडाक्षरांमुळे संगणकाची मोजणी आणि डोळ्याला दिसणारी लांबी जुळत नाही, म्हणून मोबाइलवर उघडून बघणं हाच उपाय. महत्त्वाचं ते पुढे ठेवा. संस्थेचं नाव शीर्षकाच्या सुरुवातीला घालण्याची हौस इथे महाग पडते.

आणखी एक. तुम्ही दिलेलं शीर्षक गूगल दाखवेलच असं नाही. पानावरचं मोठं मथळ्याचं वाक्य वेगळंच काही सांगत असेल, तर ते उचलून दाखवलं जाऊ शकतं. वर्णनाच्या जागीही पानातला दुसरा मजकूर येऊ शकतो. म्हणून मथळा आणि शीर्षक एकाच अर्थाचे हवेत, आणि वेळ, बॅच, शुल्क हे पोस्टरच्या चित्रात अडकवून न ठेवता पानावर मजकूर म्हणून लिहिलेले हवेत.

वर्णनातलं पहिलं वाक्य परत बघा. 'ईमेल लिहिता येतो, पण कॉलवर अडखळता?' हे वाक्य चाळणीचं काम करतं. तिथे 'सर्वांसाठी उपयुक्त' लिहिलं, की ज्याला साधं वाक्यही जुळवता येत नाही तो आणि ज्याला फक्त उच्चार सुधारायचे आहेत तो, दोघे एकाच जोडीत येतात. पहिला गप्प बसतो, दुसरा कंटाळतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्गापासून पैसे परत मागणारे मेसेज सुरू होतात. वर्गातली ही गळती शिकवण्यामुळे वाटते, पण मूळ बऱ्याचदा वर्णनात असतं. वेळ लिहिण्यामागेही तेच कारण. शिफ्ट बदलणाऱ्या माणसाला दर दोन आठवड्यांनी रात्री साडेआठ जमत नाही. त्याला रेकॉर्डिंग देऊन भागत नाही, कारण रेकॉर्डिंगशी बोलता येत नाही. शनिवारी सकाळी तोच वर्ग पुन्हा होणार असेल तर पानावर तसं लिहा. होणार नसेल तर शिफ्टवाल्यांची बॅच वेगळी करा.

'नोकरीची हमी', 'पगारवाढ नक्की' असं काही घालू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कोर्सचं पान ही जाहिरातच आहे.

बिघाड नेमका कुठे आहे हे आकडे सांगतात. गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात पान शोधात दिसल्याची संख्या मोठी, पण क्लिक थोडे, तर आधी कोणत्या शब्दांवर पान दिसतंय ते बघा. 'फ्री इंग्लिश कोर्स' शोधणाऱ्यांसमोर ते येत असेल, तर शीर्षकाचा दोष नाही, ती माणसंच आपली नाहीत. शब्द बरोबर असूनही क्लिक नसतील तर शीर्षक बदला. क्लिक भरपूर पण फॉर्म कोणी भरत नाही, तर शीर्षकात दिलेलं वचन पानावर सापडत नाहीये. बहुतेकदा शुल्क किंवा वेळ लपलेली असते. फॉर्म भरले गेले पण वर्गातून माणसं गळली, तर चाळणीचं वाक्य तपासा. शीर्षक आणि वर्णन एकाच दिवशी बदलू नका, फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि बदल केल्यावर गूगलने पान पुन्हा वाचेपर्यंत जुनंच शीर्षक दिसत राहतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी आकडे बघून घाईने परत बदलायला जाऊ नका.