कच्चं वजन, शिजलेलं वजन

व्यायामशाळेत जाणाऱ्या एका मुलाने मला परवा त्याची वही दाखवली. रोज दुपारी 200 ग्रॅम चिकन ब्रेस्ट, आणि पुढे लिहिलेलं प्रथिन 62 ग्रॅम. मी विचारलं, "वजन कधी करतोस?" म्हणाला, "आणलं की लगेच, धुऊन." चूक तिथेच आहे.

शंभर ग्रॅमला 31 ग्रॅम हा आकडा शिजलेल्या ब्रेस्टचा. कच्च्यात साधारण 22 असतात. आता कुणी म्हणेल, शिजवल्याने प्रथिन वाढतं का? नाही, पाणी जातं. आच लागली की मांसाचे धागे आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर येतं. 200 ग्रॅमचा तुकडा तव्यावरून उतरतो तेव्हा दीडशेच्या आसपास भरतो. प्रथिन मात्र होतं तेवढंच, साधारण 44 ग्रॅम. या मुलाच्या वहीत रोज 18 ग्रॅम नुसते कागदावर जमा होत होते. हाडासकट करी कट तोलत असाल तर फरक आणखी मोठा, कारण हाडाचंही वजन धरलं जातं.

हेच पाण्याचं गणित मासळीत फार स्पष्ट दिसतं. सुरमईच्या शंभर ग्रॅममध्ये वीसच्या आसपास प्रथिन असतं. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, म्हणून त्यात दहाच्या आसपास. तळण्याआधी आपल्याकडे तो पाट्याखाली दाबून ठेवतात, ते उगाच नाही. तोच बोंबील उन्हात वाळला की शंभर ग्रॅमला साठच्या घरात जातो. पण सुका बोंबील शंभर ग्रॅम कोण खातं? चटणीत माणशी वीस ग्रॅम आला तर 12 ग्रॅम प्रथिन, म्हणजे दोन अंड्यांएवढं. आकडा पाहताना ताटात किती पडणार हे आधी बघा, एवढं माझं मागणं आहे.

मटणाचा रस्सा आणि पायाचं सूप यांबद्दलही विचारतात. हाडं, कातडी, शिरा खूप वेळ उकळल्या की त्यातल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि सूप गार झाल्यावर थिजतं. ते प्रथिनच आहे, पण त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं आवश्यक अमिनो आम्ल नसतं. स्नायूसाठी फोडीच खायला हव्यात.

अंड्याचं प्रकरण मात्र वेगळं. इथे प्रश्न पाण्याचा नाही, पचनाचा आहे. बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी 1998 साली पाच जणांवर हे मोजलं. या पाचही जणांच्या लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेने पोटावर उघडलेलं होतं, त्यामुळे न पचलेलं किती उरलं ते थेट तपासता आलं. शिजवलेल्या अंड्याचं प्रथिन सुमारे 91 टक्के पचलं, कच्च्याचं सुमारे 51 टक्के. उष्णतेने प्रथिनाच्या घट्ट घड्या उलगडतात आणि पाचकरसांना आत शिरता येतं. शिवाय कच्च्या पांढऱ्यात पाचकरसाला अडवणारे घटक असतात. म्हणजे दुधात तीन कच्ची अंडी फोडून पिणाऱ्याने 18 ग्रॅम गिळले, तरी त्या हिशेबाने अंगी लागले नऊच्या आसपास. तीच अंडी उकडली असती तर सोळा.