मनगटावरची गाठ आणि जाड पुस्तक

अध्यक्षमहोदयांनी माझी ओळख 'हाताचे शल्यचिकित्सक' अशी करून दिली. ते खरं आहे, पण आज मी इथे उभा आहे तो पेशंट म्हणून. माझ्या डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूला एकेकाळी गोटीएवढी गाठ होती. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होतो, वय सत्तावीस. वॉर्डात दिवसभर राबलं की संध्याकाळी ती टपोरी व्हायची. चार दिवस सुट्टी घेतली की निम्मी. मला वाटायचं, कमी-जास्त होतेय म्हणजे आत काहीतरी भयंकर चाललंय.

आमच्या एका वरिष्ठांनी ती बघितली. "हात टेबलावर ठेव," म्हणाले. कपाटातून सगळ्यात जाड पुस्तक काढलं. मी विचारलं, "सर, संदर्भ बघताय का?" त्यांनी उत्तर दिलं नाही, पुस्तक आणलं खाली! (हशा) हसू नका, मनगट दोन आठवडे काळंनिळं होतं. पण गाठ गायब. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सरांनी पुस्तक असं कपाटात ठेवलं, जणू तलवार म्यान केली. सात महिन्यांनी गाठ परत आली, त्याच जागी. टाळ्या वाजवणारे तेव्हा कुणीच नव्हते. माझी तक्रार एवढीच आहे, की फटक्याचे किस्से सांगणारे सातव्या महिन्याची गोष्ट सांगत नाहीत. या फटक्यात हाड मोडू शकतं, हेही सांगत नाहीत.

ती परत का आली? आपलं मनगट आठ छोट्या हाडांचं. त्यातल्या स्कॅफॉइड आणि लुनेट या दोन हाडांना बांधणारा एक अस्थिबंध आहे. मनगटाच्या मागच्या गाठीचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. तिथून एक बारीक देठ वर येतो आणि त्याच्या टोकाला फुगा. हेच गँगलिऑन. फुग्यात सांध्यातल्या वंगणासारखाच द्रव असतो, पण आटून घट्ट झालेला, केसांना लावायच्या जेलसारखा. त्याला कॅन्सरशी काही देणंघेणं नाही.

आता गंमत बघा. सांध्यात रंगद्रव्य टोचलं तर ते गाठीत जातं, गाठीत टोचलं तर सांध्यात परत येत नाही. म्हणजे देठ सायकलच्या व्हॉल्व्हसारखा वागतो. मनगट जितकं हलेल तितका पंप चालतो आणि फुगा भरतो. हात विसावला की पंप बंद. आतलं पाणी हळूहळू शोषलं जातं, गाठ बसते. ज्या कमी-जास्त होण्याने मी घाबरलो होतो, तीच खरं तर गँगलिऑनची ओळख. सरांनी फुगा फोडला, देठ तसाच राहिला.

आता ही चिठ्ठी आली, 'पाच मिनिटे'. म्हणजे विषय सुरू करायला हरकत नाही. (हशा)

घाईत सांगतो. अंधारात गाठीला टॉर्च चिकटवा. द्रव असेल तर ती आतून उजळते, भरीव गाठ काळी राहते. गाठ फारच छोटी किंवा खोल असेल तर ही चाचणी फसते. मग सोनोग्राफी. गाठ दगडासारखी टणक आहे, कधीच लहान-मोठी होत नाही आणि थोडी बोटांच्या बाजूला आहे, तर तो हाडाचा उंचवटा असू शकतो. बोटं हलवताना गाठ पुढे-मागे सरकत असेल तर स्नायूबंधाच्या आवरणाची सूज असू शकते. भराभर वाढणारी, लाल, गरम किंवा रात्री ठणकणारी गाठ असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर टॉर्च बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे या.

उपचार? दुखत नसेल तर काहीही करू नका. साधारण निम्म्या गाठी आपोआप जातात, मात्र त्याला वर्षं लागू शकतात. सुईने काढायचं तर सुई जाड लागते, कारण जेल बारीक सुईतून येत नाही. त्यानंतरही निम्म्याहून अधिक वेळा गाठ परतते. माझीही परतली. तळहाताच्या बाजूच्या गाठीत मात्र आंधळेपणाने सुई घालायची नाही, शेजारीच नाडीची धमनी असते. शस्त्रक्रियेत देठासकट सांध्याच्या आवरणाचा छोटा तुकडाही काढतात, म्हणून पुन्हा होण्याचं प्रमाण बरंच कमी. पण व्रण राहतो, मनगट काही दिवस आखडतं, आणि तरीही ती कधीकधी परत येते.

माझ्या गाठीचं काय झालं, हे विचारायचं राहिलं असेल. सुईनंतर ती आली ती आली, मी नाद सोडला. तीनेक वर्षांनी एकदा घड्याळाचा पट्टा लावताना लक्षात आलं, तिथे काहीच नाही. कधी गेली, आठवत नाही.

दुसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून मनगटावर मोबाईलचा टॉर्च धरून बसल्यात. दिवे मालवा बरं, बघू या.