एक तारखेचा निरोप

(कुडाळ येथे खाद्यपदार्थ करणाऱ्या बचतगटांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मी वेंगुर्ल्याहून दर महिन्याला खाऊचा खोका पाठवते. काजू, आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे, खाजे, केळ्याचे वेफर, असं महिन्यागणिक बदलत जातं. गिऱ्हाईक बहुतेक मुंबई-पुण्याचं. महिन्याचे साडेसहाशे रुपये ऑटोपेने पाच तारखेला वळते होतात. आज मला फक्त या पाच तारखेबद्दल बोलायचं आहे, कारण माझं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त याच दिवशी गळायचं.

गेल्या वर्षीच्या जुलैचा माझ्या वहीतला हिशोब सांगते. एकशे बासष्ट जण होते आणि पाच तारखेला एकोणतीस जणांचे पैसे आले नाहीत. मी समजले, पाऊस लागला, खाजे नरम पडले, लोक कंटाळले. म्हणून त्याच रात्री सगळ्यांसाठी एक भावुक पोस्ट टाकली: 'कोकणाला विसरलात ना?' तिच्याखाली एका बाईंनी लिहिलं, 'अहो ताई, विसरले नाही, पगार सात तारखेला होतो.'

मग मी वही घेऊन बसले आणि एकेकाचं नाव तपासलं. पेमेंट कंपनीच्या पानावर प्रत्येक फसलेल्या वसुलीपुढे कारण लिहिलेलं असतं, ते मी तोवर कधी वाचलंच नव्हतं. सोळा जणांचं बँकेनेच नाकारलं होतं. बहुतेकांच्या खात्यात शिल्लक नव्हती, काहींचं कार्ड बदललं होतं. पाच जणांनी आदल्या दिवशी ऑटोपे रद्द केलं होतं. उरलेल्या आठ जणांनी मला आधीच कळवलं होतं, पुढे नको म्हणून. म्हणजे 'गेले' या एकाच शब्दाखाली मी तीन वेगळ्या गोष्टी मोजत होते, आणि ती पोस्ट त्यातल्या एकाही गोष्टीवरचा इलाज नव्हती.

त्या पाच जणांची गोष्ट आधी सांगते, कारण ती माझीच चूक होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे वळते होण्याआधी किमान चोवीस तास गिऱ्हाइकाला सूचना जाते. कार्डांसाठी हे १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालं, आणि यूपीआयच्या ऑटोपेतही आधी सूचना जाते. त्या सूचनेत रक्कम असते, तारीख असते आणि पैसे घेणाऱ्याचं नाव असतं. माझ्या खोक्यावर एक नाव आणि सूचनेत मात्र सासऱ्यांच्या जुन्या काजू कारखान्याचं, कारण नोंदणी त्या नावाने होती. चार तारखेला मोबाईलवर अनोळखी नावाने 'उद्या ६५० रुपये कापले जातील' असं आलं, तर शहाणा माणूस काय करील? रद्दच करील. मीही तेच केलं असतं. आणि एकदा गिऱ्हाइकाने त्याच्या अ‍ॅपमधून रद्द केलं की ते आपल्याला परत सुरू करता येत नाही. त्याने नव्याने मंजुरी द्यायची, पिन टाकायचा. तेवढ्यासाठी कोण बसतं?

म्हणून आता माझा निरोप बँकेच्या आधी जातो, एक तारखेला. तो मी जसाच्या तसा वाचून दाखवते:

'नमस्कार. जुलैच्या खोक्यात गरे, भाजलेले काजू, आंबापोळी आणि केळ्याचे वेफर. पावसात खाजे नरम पडतात म्हणून ते नाहीत. ६५० रुपये ५ तारखेला वळते होतील. बँकेच्या सूचनेत आमच्या कारखान्याचं नाव दिसेल, ते आमचंच. मागच्या खोक्यात तुम्हाला फणसपोळी आली होती. उत्तरात "पाठवा", "या महिन्यात नको" किंवा "बंद" एवढंच लिहा. काहीच लिहिलं नाही तर नेहमीप्रमाणे पाठवू.'

यात लिंक नाही हे लक्षात आलं का? पैशांबद्दलचा मेसेज आणि खाली लिंक, म्हटल्यावर लोकांना फसवणूकच वाटते, आणि त्यांचं चुकतही नाही. त्याऐवजी मागच्या खोक्यातली वस्तू लिहिली, कारण ती आपल्याला आणि त्यांनाच ठाऊक असते.

खाजे नाहीत हे उघड सांगायला मी घाबरत होते. पण खाज्यांवर गुळाचा पाक असतो. गूळ हवेतला ओलावा ओढतो, आणि जुलैत आपल्याकडची हवा कशी असते ते तुम्हाला मी काय सांगू! पिशवी कितीही घट्ट बंद करा, उघडून अर्धी ठेवली की दोन दिवसांत चिकट होते. नरम खाजे मिळालेला माणूस तक्रार करत बसत नाही, पुढच्या महिन्यात गुपचूप बंद करतो. आधी सांगितलं तर निदान 'पुन्हा कधी?' असं विचारतो.

एक तारीखच का, तर त्यामागे स्वयंपाकघराचं कारणही आहे. तीन तारखेला मी गरे तळणाऱ्या बायकांना आकडा देते. निरोप चार तारखेला गेला तर तळून झालेला माल अंगावर पडतो. पावसाळ्यात तेलकट माल ठेवून ठेवला की खवट वास येतो. तो वास आला की खोका फुकटसुद्धा पाठवू नये.

आता बँकेने नाकारलेले सोळा. त्यांना मनवायचं नसतं, फक्त सांगायचं असतं. त्यांना निरोप गेला: 'तुमचे पैसे बँकेतून आले नाहीत. खोका दहा तारखेपर्यंत बाजूला ठेवला आहे.' अकरा जणांनी पैसे भरले. ज्यांचा पगार सातला होतो त्यांची तारीख मी आठ करून घेतली. त्यासाठी त्यांना मंजुरी नव्याने द्यावी लागली, पण दोन मिनिटं फोनवर बसून ती करून घेतली की दर महिन्याची कटकट संपते.

राहिले ते आठ. त्यांना मी फोन केला, पण मागे लागायला नव्हे. पाच जण म्हणाले, 'अहो, गणपतीला गावाला येणारच आहोत, मग खोका कशाला?' चाकरमानी गावाला आला की तो स्वतःच पिशव्या भरून नेतो, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? 'बंद' आणि 'चालू' एवढे दोनच पर्याय दिल्यामुळे ते बिचारे 'बंद' म्हणाले होते. 'या महिन्यात नको' हा पर्याय तिथून आला. त्यात मंजुरी तशीच राहते, आपण फक्त त्या महिन्यात वसुली लावायची नाही. ती तारखेआधी थांबवायला विसरलात तर मात्र पैसे कापले जातात आणि विश्वासही जातो, म्हणून मी वहीत लाल पेनाने लिहिते.

आणि 'कोकणाला विसरलात ना' असलं लिहिणं मी सोडलं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'बद्दल, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या फसव्या रचनांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. गिऱ्हाइकाला नकार द्यायला लाज वाटेल असे शब्द वापरणं आणि वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड करणं, दोन्ही त्यांत बसतं. मी तर मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं. तरी बंद करू पाहणाऱ्याला वाटेवर अडवायचं, त्यातलाच तो प्रकार.

यंदा गणपतीच्या महिन्याच्या निरोपात मी चौथं उत्तर घातलंय: 'गावाला येतोय, खोका तिथेच ठेवा.' परवापर्यंत अकरा जणांनी ते लिहिलंय. त्यातले दोघे कुडाळ स्टेशनवर उतरणार आहेत, त्यामुळे त्यांचे खोके मीच घेऊन यायचे, असं ठरलंय.