भाऊकाकांचे अडकलेले चौऱ्याऐंशी हजार

नमस्कार श्रोतेहो. शेअर विकले, ब्रोकरच्या ॲपवर पैसे काढायची विनंती टाकली आणि चार-चार दिवस तिथे 'पेंडिंग' दिसतंय, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. त्याबद्दल बोलायचं, तर आमच्या भाऊकाकांचीच गोष्ट सांगावी लागेल.

भाऊकाका बडोद्याला दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहतात. यंदा जानेवारीत माडीची तुळई बदलायची होती आणि सुतार आगाऊ रक्कम मागत होता. काकांनी गुरुवारी, 22 तारखेला शेअर विकले. ॲपवर लगेच चौऱ्याऐंशी हजारांचा आकडा दिसला आणि काकांनी सुताराला शब्द दिला. आता इथे थांबा. तो आकडा 'शिल्लक' होता, 'काढता येणारी रक्कम' नव्हती. त्या दोन ओळी ॲपवर वेगवेगळ्या असतात. आपल्याकडे 27 जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअरांचा हिशोब व्यवहारानंतरच्या लगेच पुढच्या कामाच्या दिवशी होतो. कामाच्या दिवशी, बरं का!

म्हणजे काकांचा हिशोब शुक्रवारी झाला. त्यांनी विनंती टाकली संध्याकाळी सातला. ब्रोकर दिवसभरातल्या विनंत्या ठरलेल्या वेळी एकदम घेतो, ती वेळ टळून गेली होती. पुढे शनिवार, रविवार, आणि सोमवारी 26 जानेवारी. एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते, पण ती सुरू करणारा ब्रोकरचा विभाग सुट्टीवर असेल तर काय उपयोग? काकांच्या बोटांवर पाच दिवस झाले होते, ब्रोकरच्या हिशोबात एकही नाही.

मंगळवारपर्यंत काकांनी कस्टमर केअरला नऊ फोन केले, चार तक्रारी नोंदवल्या, आणि एका मुलीला "तुमच्या साहेबांना दांडिया बाजारात पाठवा" असं सुनावलं. बिचारी बंगळूरला बसलेली असेल, तिला दांडिया बाजार काय ठाऊक! (फोन धरून ठेवायला लावताना ते जे संगीत वाजवतात ना, त्यापेक्षा आपल्या आकाशवाणीची सकाळची सनई लावली तर निम्मी भांडणं होणारच नाहीत, असं माझं मत आहे.) शिवाय चार तक्रारी म्हणजे चार वेगळी माणसं, आणि प्रत्येक जण पहिल्यापासून वाचणार.

बुधवारी मी गेलो. काकूंनी चहा ठेवला, मी म्हटलं, "काका, आधी लेजर उघडा." लेजर म्हणजे ब्रोकरकडचं आपलं खातं. त्यात मंगळवारी चौऱ्याऐंशी हजार नावे पडले होते, आणि बुधवारी सकाळी तेवढेच पुन्हा जमा! पैसे निघाले होते आणि परत आले होते. वर ॲप मात्र 'पेंडिंग'च म्हणत होतं.

मग काकांच्या त्या चारपैकी सगळ्यात जुन्या तक्रारीलाच आम्ही उत्तर लिहिलं. क्लायंट कोड, रक्कम, विनंतीची तारीख आणि वेळ, लेजरचा फोटो, आणि खाली एवढंच: "लेजरनुसार रक्कम 27 ला निघून 28 ला परत आलेली दिसते. कृपया यूटीआर क्रमांक आणि परत येण्याचं कारण कळवावं." काकांना त्यात 'लाज वाटत नाही का' हे वाक्य हवंच होतं. मी ते घालू दिलं नाही.

यूटीआर म्हणजे त्या पाठवणीचा क्रमांक, एनईएफटीत सोळा अक्षरं-आकड्यांचा. पुन्हा सांगतो, यूटीआर. तो मिळाला नाही, तर पैसे अजून ब्रोकरकडेच आहेत असं समजा आणि ब्रोकरलाच विचारा. तो मिळाला आणि तरी खात्यात जमा नाही, तर तो क्रमांक घेऊन आपल्या बँकेत जा. फोनवरचा माणूस "प्रोसेसमध्ये आहे" असं कितीही वेळा म्हणू शकतो, यूटीआरला मात्र आहे किंवा नाही एवढंच उत्तर असतं.

दुपारीच उत्तर आलं: आयएफएससी चुकीचा. काकांची बँक काही वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीन झाली, शाखेचा कोड बदलला, आणि ब्रोकरकडे जुनाच राहिला. काका शेअर विकून पुन्हा शेअरच घ्यायचे, पैसे कधी काढलेच नव्हते, मग कळणार कसं? (बँकांनी नावं बदलावीत, पण पासबुक तरी जुनं राहू द्यावं. माझ्याकडे एकाच खात्याची तीन पासबुकं आहेत.)

गुरुवारी रद्द केलेला चेक जोडून कोड बदलायला दिला. चेकवर नाव छापलेलं असावं, आणि ते ब्रोकरकडच्या नावाशी जुळावं. 'भालचंद्र' आणि 'बी. जी.' असं झालं की तिथे पुन्हा अडकतं.

उत्तरच आलं नसतं, तर त्याच पत्रव्यवहारावर ब्रोकरच्या अनुपालन अधिकाऱ्याला लिहायचं, त्याचा ईमेल ब्रोकरच्या संकेतस्थळावर असतो. त्यापुढे सेबीचं 'स्कोअर्स' पोर्टल. तिथल्या तक्रारीवर ब्रोकरला एकवीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथेही तीच पत्रं, त्याच तारखा लावायच्या. म्हणून सगळं एकाच धाग्यात ठेवायचं. आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, ॲपमधूनच घ्या. ओटीपी मागणारा माणूस ब्रोकरचा नसतो.

शुक्रवारी सकाळी नव्याने विनंती टाकली, यावेळी वेळेत. संध्याकाळी काका मांडवीला सेव-उसळ खात होते तेव्हा मेसेज वाजला. त्यांनी प्लेट खाली ठेवून आधी सुताराला फोन लावला. सुतार म्हणाला, "काका, आता मी पुढच्या महिन्यात मोकळा होईन."

नमस्कार.