कवितेत दार आहे म्हणून दार दाखवायचं नाही: पाच ओळींची फिल्म कशी केली

आधी कविता ऐका, छोटीशीच आहे, माझीच आहे.

दार उघडंच आहे
कुणी आत आलं नाही
कुणी बाहेर गेलं नाही
फक्त ऊन
इथून तिथं सरकलं

झाली. आता यावर फिल्म करायची म्हटलं की पहिलं काय सुचतं? दार ऐकलं की दार, ऊन ऐकलं की ऊन. मीसुद्धा पहिल्यांदा अगदी हेच केलं होतं, उघड्या दाराचा शॉट, रिकाम्या खोलीचा शॉट, मग जमिनीवरून सरकणाऱ्या उन्हाचा टाइमलॅप्स, खाली सबटायटल आणि मागे पियानो. दिसायला छान होतं पण कवितेत जे वाट बघणं आहे ना, ते कुठेच नव्हतं. कारण कानाने जे सांगितलं तेच डोळ्याने परत सांगितलं, मग बघणाऱ्याला आतून काही भरायला जागाच उरली नाही.

माया डेरेन नावाच्या फिल्ममेकर होत्या, त्यांनी 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चेत एक गोष्ट मांडली होती जी मला फार उपयोगी पडली. गोष्ट आडवी जाते, या प्रसंगातून पुढच्या प्रसंगात, आणि कविता उभी जाते, म्हणजे एकाच क्षणात खाली खाली उतरते. आता आपल्या कवितेत बघा, घडतं काय? काहीच नाही. मग पाच ओळींसाठी पाच वेगवेगळ्या जागा कशाला शोधायच्या, एकाच जागी थांबूया की.

म्हणून दुसऱ्या वेळी मी कॅमेरा हातातच घेतला नाही, आधी आवाज रेकॉर्ड केला. फोनवरच, कच्चा. सरळ वाचली तर ही कविता दहा सेकंदांत संपते. मग ती हळू नाही वाचली, हे नीट लक्षात घ्या, शब्द ओढून वाचले की भाषण वाटायला लागतं. शब्द नेहमीच्याच वेगाने म्हटले आणि मधलं गप्प राहणं वाढवलं. पहिल्या ओळीनंतर 3 सेकंद, दुसरीनंतर 2, तिसरीनंतरही 2, आणि ‘फक्त ऊन’ नंतर 5. म्हणजे शब्द 10 सेकंद आणि शांतता 12 सेकंद. सुरुवातीला 4 आणि शेवटी 8 सेकंद मोकळे धरले, एकूण 34 सेकंद. हा ट्रॅक टाइमलाइनवर टाकला, प्रत्येक ओळ सुरू होते तिथे मार्कर लावला, आणि मगच चित्राचा विचार केला.

चित्र म्हणून घेतला पाण्याचा ग्लास. टेबलावर, खिडकीतलं ऊन पडतं त्या जागी. का ग्लास? थंड पाणी ग्लासात ओतून नुसतं ठेवून द्या, ते खोलीच्या तापमानाला यायला लागलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटतात. अगदी जवळून बघितलं तर मोहरीपेक्षाही लहान, एकेक करून वाढत जातात. म्हणजे पाणी कुणीतरी ओतलं आणि प्यायलं कुणीच नाही, हे न बोलता कळतं. कवितेत ग्लास कुठेही नाही, पण कुणी आलं नाही हे तो रिकाम्या खोलीपेक्षा जास्त सांगतो.

आणि दार? दार फिल्ममध्ये दिसतच नाही, ते ऐकू येतं. दार उघडं ठेवून खोलीचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला, बाहेरचं लांबचं काहीबाही, वारा. हा ट्रॅक पूर्ण 34 सेकंद खाली चालू राहतो. हे नक्की करा, कारण दोन ओळींच्या मध्ये आवाज पूर्ण शून्य झाला तर तो पॉज वाटत नाही, ऑडिओ गेला असं वाटतं. संगीत काढूनच टाकलं, पियानोचा ठेका आला की कान त्याचीच लय धरतो आणि मी मोजून ठेवलेले पॉज वाया जातात.

आता टाइमलाइन बघा. (स्क्रीन दाखवते) पहिला शॉट साधारण साडेआठ सेकंदांचा, ग्लासवर ऊन आहे, पाण्यातून गेलेल्या उन्हाची चकाकी टेबलावर थरथरतेय, चार सेकंदांनी पहिली ओळ येते. मग ‘कुणी आत आलं नाही’, काचेचा क्लोजअप, थोडे बुडबुडे, 4 सेकंद. ‘कुणी बाहेर गेलं नाही’, तीच फ्रेम, तेवढेच 4 सेकंद, फक्त बुडबुडे वाढलेत. या दोन ओळींची घडण सारखी आहे ना, म्हणून शॉटही जुळे, इथे एक जरी लांबवला तरी कान आणि डोळा वेगळे चालायला लागतात.

यानंतरचा कट माझा सगळ्यात आवडता. ‘फक्त ऊन’ ला आपण पुन्हा पहिल्या फ्रेमवर येतो, तोच ग्लास, तोच कोन, पण ऊन निघून गेलंय. ऊन हा शब्द आपण सावलीवर ऐकतो! पाच सेकंद काही नाही, आणि मग ‘इथून तिथं सरकलं’, तेव्हा बघणाऱ्याच्या मनात पहिला शॉट परत येतो, सरकणं तो स्वतःच करतो. टाइमलॅप्समध्ये तेच ऊन धावत सुटलं होतं, आणि या कवितेत घाई कुणालाच नाही.

फक्त कट शब्दावर मारू नका. ‘ऊन’ म्हणताक्षणी चित्र बदललं की स्लाइड शो होतो. मी प्रत्येक कट पुढच्या ओळीच्या आधीच्या शांततेत, साधारण अर्धा सेकंद आधी, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबात 12 फ्रेम आधी मारलाय. चित्र आधी येतं, डोळा स्थिरावतो, मग शब्द येतो.

शूट करताना एक चूक मला अख्खा दिवस खाऊन गेली. दोन्ही शॉटमध्ये अडीच तासांचं अंतर होतं, ट्रायपॉड हलला नव्हता, पण एक्स्पोजर ऑटोवर होतं. ऊन गेल्यावर फोनने आपणहून खोली उजळ केली आणि दोन्ही फ्रेम जवळजवळ सारख्याच दिसायला लागल्या, ज्या फरकावर सगळी फिल्म उभी तोच पुसला गेला. आयफोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरलं की AE/AF LOCK दिसतं, ते उन्हातल्या शॉटला लावा आणि सावलीपर्यंत सोडू नका. बाकीच्या फोनमध्ये मॅन्युअल मोडवर एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा.

सबटायटलचं काय? मनातल्या मनात वाचणं बोलण्यापेक्षा वेगाने होतं, त्यामुळे ओळ आधी दिसली की बघणारा ती वाचून मोकळा होतो आणि तुमचा पॉज नुसता उशीर वाटतो. अक्षरं हवीच असतील तर ओळ बोलून झाल्यावर आणा, आणि दोन ओळी एकदम कधीच नको.

अष्टाक्षरीसारखी पक्क्या लयीची कविता असेल तर मात्र ही पॉजची पद्धत चालणार नाही, लय मोडेल. तिथे आवाज वाहू द्या, आणि प्रत्येक यमकावर कट न मारता एक शॉट दोन-तीन ओळींवरून जाऊ द्या.

झाल्यावर एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. नुसत्या चित्रावरूनच कविता पूर्ण कळली तर चित्र जास्त बोलतंय, कुठेतरी शब्दाचं भाषांतर झालंय, तो शॉट काढा.

शेवटचे 8 सेकंद मी आधी 3 च ठेवले होते. मग शेवटची ओळ ऐकली, ती मनात पुन्हा एकदा म्हटली, पहिला शॉट आठवला आणि ग्लासकडे परत बघितलं, घड्याळ लावून. आठ लागले.